पार्सल हबला अडकलंय? सोलापुरात बसून ते हलवायचं कसं

नवी पेठेत मी बारा वर्षं झाली कुरिअर बुकिंगचं काउंटर सांभाळतोय आणि दिवसाला चार-पाच जण तरी मोबाईल पुढं धरून एकच विचारतात, "ओ भाऊ, हे बघा की, चार दिवस झाले भिवंडीलाच दाखवतंय, कधी येणार हे?" मी विचारतो चार दिवसांत काय केलं, तर उत्तर ठरलेलं, रोज ट्रॅकिंग बघितलं आणि कस्टमर केअरला एकदा फोन लावला, ते म्हणाले वाट बघा. वाट बघून काही पार्सलं येतातसुद्धा, पण काही नुसतं वाट बघून कधीच येत नाहीत, आणि ही दोन प्रकारची पार्सलं ट्रॅकिंगवरच वेगळी ओळखता येतात. पहिल्यांदाच असा प्रसंग आलेल्यांसाठी लिहितोय, म्हणून एकाच पार्सलची गोष्ट धरून सगळं सांगतो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमच्या ओळखीचे एक काका आहेत, टॉवेलचे चार लूम आहेत त्यांचे, दोन स्वतः बाप-लेक चालवतात आणि दोनवर कामगार. एका लूमचं कंट्रोल कार्ड बिघडलं म्हणून त्यांनी ते सुरतला दुरुस्तीला पाठवलं होतं. सुरतच्या मेकॅनिकनं ते नीट करून सोमवारी संध्याकाळी परत कुरिअरला टाकलं. मंगळवारी पहाटे पार्सल भिवंडीच्या हबला, म्हणजे गावोगावचा माल वेगळा करतात त्या मोठ्या गोदामाला पोचलं, आणि तिथून पुढं काहीच नाही. शुक्रवारी दुपारी काका माझ्याकडं आले. तोवर लूम बंद, दिवाळीआधीची ऑर्डर अंगावर. कार्डचा बॉक्स एवढासा, चपलांच्या खोक्याएवढा, पण त्याच्यावाचून मशीन हलेना.

आधी ट्रॅकिंग नीट वाचायचं

ट्रॅकिंग उघडल्यावर लोक फक्त वरची एक ओळ बघतात, "इन ट्रान्झिट". त्या शब्दाला काही अर्थ नाही. बुकिंगपासून तुमच्या दारापर्यंत सगळंच इन ट्रान्झिट असतं. खाली जी स्कॅनची सगळी यादी असते, तारीख-वेळ-गाव असं लिहिलेली, ती उघडायची आणि शेवटची ओळ शब्द न् शब्द वाचायची.

हबला काय होतं ते थोडक्यात सांगतो म्हणजे ती ओळ कळेल. गाडी आली की माल उतरतो आणि प्रत्येक पार्सलवर स्कॅनर मारतात, हा इन-स्कॅन. मग बेल्टवरून किंवा हातानं, पिन कोड बघून, ज्या त्या गावच्या ढिगात जातं. एका गावची छोटी पार्सलं एका मोठ्या गोणीत भरतात, गोणीला सील लावतात, तिला स्वतःचा नंबर असतो, ह्याला बॅगिंग म्हणतात. ती गोणी कुठल्या गाडीत चढली त्याची यादी बनते, तिला मॅनिफेस्ट म्हणतात, आणि गाडी सुटताना आउट-स्कॅन होतो. पुढच्या हबला पुष्कळदा गोणी उघडतच नाहीत, नुसता गोणीचा नंबर स्कॅन करतात.

आता ह्यातून निघणारा फरक बघा. तुमची शेवटची ओळ जर बॅग केलं, कनेक्ट केलं, डिस्पॅच केलं अशा अर्थाची असेल, तर पार्सल गोणीच्या आत आहे, गोणी फिरतीय, आणि ती सोलापुरात फुटेपर्यंत तुमच्या पार्सलची स्वतःची नवी ओळ येणार नाही. म्हणजे ट्रॅकिंग थांबलंय, पार्सल थांबलेलं नसू शकतं. अशा वेळी दोन दिवस गप बसायला हरकत नाही. पण शेवटची ओळ जर "हबला मिळालं" किंवा "अराईव्हड" एवढीच असेल आणि त्यानंतर बॅगचं काहीच नसेल, तर पार्सल त्या इमारतीत शिरलंय आणि कागदोपत्री बाहेर पडलेलं नाही. हे खरं अडकलेलं. काकांचं हेच होतं, मंगळवार पहाटे ३ वाजून ४० मिनिटं, भिवंडी, रिसीव्हड, बस.

किती थांबायचं? मी शेवटच्या स्कॅनपासून ४८ तास मोजतो, बुकिंगपासून नाही, आणि मध्ये रविवार किंवा सुट्टी आली तर ती धरत नाही. दिवाळीच्या आधीचे दोन आठवडे भिवंडी, चाकणकडची सगळी हबं तुंबलेली असतात, तेव्हा तीन-चार दिवस द्यावे लागतात. हा माझा अनुभवाचा हिशोब आहे, कंपनीचा नियम नाही, पण ४८ तासांच्या आत फोन केला तर समोरचा "प्रोसेसमध्ये आहे" म्हणून ठेवून देतो आणि तुमची तक्रार नोंदवतसुद्धा नाही.

मग पिन कोड तपासायचा, आणि तो पावतीवरचा

पिन कोड १९७२ साली पोस्टासाठी आला, पण आज खासगी कुरिअरचं सॉर्टिंगसुद्धा त्याच्यावरच चालतं. गावाचं नाव मशीन वाचत नाही, सहा आकडे वाचतं. पहिले तीन आकडे भाग ठरवतात. आपला भाग ४१३. आता गंमत नाही, खरंच लक्षात ठेवा की ४१३ म्हणजे नुसतं सोलापूर नाही, बारामती ४१३१०२ आहे, धाराशिव ४१३५०१, लातूर ४१३५१२. त्यामुळं शेवटचे आकडे चुकले तर पार्सल लातूरला जाऊन बसतं. आणि सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे ४१३ च्या जागी ४३१. हे आकडे उलटसुलट झाले की पार्सल छत्रपती संभाजीनगरच्या दिशेला, कारण ४३१ तिकडचा, जालना-परभणी-बीडकडचा भाग.

मी काकांना विचारलं, "सुरतवाल्यानं पावतीचा फोटो पाठवलाय का?" तर नव्हता. नुसता नंबर मेसेजमध्ये होता. मी म्हटलं आधी तो फोटो मागवा, बाकी सगळं नंतर. हे नवीन लोक करत नाहीत आणि त्यातच दोन दिवस जातात. आपण काय पत्ता दिला होता ह्याला महत्त्व नाही, बुकिंग करणाऱ्यानं सिस्टिममध्ये काय टाकलं ह्याला आहे. पंधरा मिनिटांत फोटो आला. हातानं लिहिलेला पत्ता बरोबर, अक्कलकोट रोड, एमआयडीसी, सोलापूर, आणि पिनच्या चौकोनात ४३१००६. हवा होता ४१३००६.

म्हणजे भिवंडीत काय झालं असणार ते कळलं. मशीननं पिन वाचून संभाजीनगरच्या बाजूला टाकलं, गोणी भरणाऱ्या पोरानं लेबलवर सोलापूर बघितलं आणि बाजूला ठेवलं. प्रत्येक हबला एक रॅक किंवा जाळीचा पिंजरा असतो, तिथं अशी सगळी पार्सलं ठेवतात, पत्ता न जुळणारी, लेबल फाटलेली, बारकोड न वाचणारी, बॉक्स फुटलेली. आमच्या भाषेत होल्ड किंवा एक्सेप्शन. तिथलं पार्सल आपोआप हलत नाही. कुणीतरी त्याच्याबद्दल लेखी काहीतरी कळवल्याशिवाय त्याला हात लागत नाही, कारण तिथल्या माणसाला ते कुठं पाठवायचं हेच माहीत नसतं. आणि लई दिवस कुणी विचारलं नाही तर ते पाठवणाऱ्याकडं परत निघतं, त्याला आरटीओ म्हणतात, ती गाड्यांची नव्हे, रिटर्न टू ओरिजिन.

पिन बरोबर असेल तर अडकायची दुसरी कारणं बघायची. माल ५० हजारांच्या वरचा असेल आणि दुसऱ्या राज्यातून येत असेल तर ई-वे बिल, म्हणजे मालाच्या वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद लागतो, साध्या मालाला २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते, हबला माल पडून राहिला की मुदत संपते आणि मग गाडीवाला तो माल चढवत नाही. ती मुदत वाढवायचं काम पाठवणाऱ्याचं किंवा वाहतूकदाराचं, संपायच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास एवढीच खिडकी असते, त्यामुळं असा माल असेल तर सुरत-दिल्लीच्या पार्टीला पहिल्याच दिवशी फोन करा. आत बॅटरी, परफ्यूम, स्प्रे असलं काही असेल तर ते विमानानं जाऊ देत नाहीत आणि रोडच्या गाडीची वाट बघत पडतं. पण आमच्याकडं येणाऱ्यांत तरी जास्त करून पिन, अर्धवट पत्ता आणि फाटलेलं लेबल हीच कारणं निघतात.

आधी सोलापूरची ब्रँच, पण योग्य वेळेला

लोक थेट टोल फ्रीला जातात, मी आधी गावातल्या ब्रँचला जायला सांगतो, कारण तिथं माणूस समोर असतो आणि त्याच्या सिस्टिमला तुमच्या मोबाईलपेक्षा जास्त दिसतं. फक्त वेळ बघून जा. सकाळी ट्रक उतरत असतो आणि पोरं डिलिव्हरीच्या पिशव्या लावत असतात, संध्याकाळी पाचनंतर बुकिंगची गर्दी, दोन्ही वेळेला तुम्हाला कुणी नीट बोलणार नाही. दुपारी बारा ते तीन मोकळं असतं.

तिथं जाऊन "माझं पार्सल कधी येणार" विचारू नका, त्याला खरंच माहीत नसतं. त्याऐवजी दोन गोष्टी विचारा. एक, हा नंबर सोलापूरच्या कुठल्या मॅनिफेस्टवर आलाय का. दुसरं, सिस्टिममध्ये ह्याच्यावर होल्डचा किंवा एक्सेप्शनचा काही शेरा आहे का. पहिल्याचं उत्तर हो असेल तर पार्सल गाडीत आहे, गोणीचा नंबर लिहून घ्या आणि घरी जा. नाही असेल तर ते अजून मागंच आहे हे नक्की झालं.

काकांबरोबर मी स्वतः गेलो. दुसऱ्या कंपनीची ब्रँच, पण धंद्यात सगळे ओळखतात. पोरानं नंबर टाकला आणि स्क्रीन आमच्याकडं वळवली, मॅनिफेस्ट नाही, शेऱ्यात लिहिलेलं होतं पिन आणि शहर जुळत नाही. काका एकदम तापले, "मग चार दिवस झाले मला फोन का नाही केला ओ?" प्रश्न बरोबर होता. पण तो पोरगा सोलापूरचा, शेरा भिवंडीचा, आणि सिस्टिमनं मेसेज पाठवला असेल तर तो सुरतवाल्याला, कारण कंपनीच्या लेखी गिऱ्हाईक तो आहे. त्या पोरानं एक कामाची गोष्ट केली, भिवंडी हबचा मेल आयडी आणि आपल्या एरिया मॅनेजरचा आयडी कागदावर लिहून दिला. हे मागितल्याशिवाय मिळत नाही, म्हणून मागा, आणि शांत आवाजात मागा.

कुणी तक्रार करायची

इथं नवीन माणूस हमखास चुकतो. पार्सल आपलं असलं तरी पत्ता किंवा पिन बदलायचा अधिकार बुकिंग करणाऱ्याचा असतो. ते बरोबरच आहे, नाहीतर कुणीही फोन करून दुसऱ्याचं पार्सल आपल्या पत्त्यावर वळवून घेईल. म्हणजे काकांनी टोल फ्रीला कितीही फोन केले असते तरी तो पिन सुधारला नसता. सुरतवाल्यानं, बुकिंगला दिलेल्या त्याच मोबाईलवरून किंवा मेलवरून कळवायला हवं होतं.

ऑनलाइन खरेदी असेल तर पाठवणारा म्हणजे विक्रेता किंवा ती शॉपिंग साईट, त्यामुळं कुरिअरवाल्याशी भांडण्यापेक्षा ऍपमधल्या ऑर्डरवर जाऊन तिथंच तक्रार टाका, कुरिअरशी बोलायचं काम त्यांचं आहे, पैसे तुम्ही त्यांना दिलेत. आणि नातेवाईकानं पाठवलं असेल तर त्याला फोन करून उठवा, त्याच्या एका मेलनं तुमच्या दहा फोनचं काम होतं.

तरीपण आपल्या बाजूनं तक्रार नंबर घ्यायचाच. टोल फ्रीला फोन लावून फक्त एवढं म्हणायचं, शेवटचा स्कॅन अमुक तारखेचा अमुक हबचा आहे, त्यानंतर आउट-स्कॅन नाही, मला तक्रार नोंदवायची आहे, नंबर द्या. नंबर दिल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. "सर तुमचं नोंदवलंय" ह्याला काही किंमत नाही, नंबर मिळाला तरच नोंदवलेलं असतं. तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव वहीत लिहा. मोबाईलवर ट्रॅकिंगच्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसकट काढून ठेवा, कारण मागचे स्कॅन नंतर कधीकधी बदललेले किंवा गायब झालेले मी बघितलेत.

त्याच संध्याकाळी सुरतवाल्याकडून मेल गेला. मसुदा मीच सांगितला, साधारण असा:

"विषय: पार्सल नंबर (नंबर), भिवंडी हबला होल्ड, पिन दुरुस्ती.
हे पार्सल मी सुरतहून सोमवारी बुक केलं आहे. बुकिंगला पिन ४३१००६ चुकून पडला. बरोबर पिन ४१३००६, शहर सोलापूर. पत्ता तोच आहे, बदल फक्त पिनचा. शेवटचा स्कॅन मंगळवार पहाटे ३.४०, भिवंडी. तक्रार नंबर (नंबर). कृपया पिन दुरुस्त करून पार्सल सोलापूरच्या गोणीत टाकावं आणि गोणीचा नंबर कळवावा. घेणाऱ्याचा मोबाईल (नंबर). सोबत पावतीचा फोटो आणि बॉक्सचा फोटो जोडला आहे."

हिंदीत पाठवला कारण हबला वाचणारा कुठलाही असू शकतो. त्यात नुकसान किती झालं, काका किती वैतागलेत, कंपनी कशी फालतू आहे, हे काहीच लिहिलेलं नाही बघा. हबच्या माणसाला दिवसाला शेकड्यानं मेल येतात, त्याला दोन गोष्टी लागतात, कुठलं पार्सल आणि काय करू. बॉक्सचा फोटो का, तर पिंजऱ्यात शंभर खोकी असतात आणि लेबल फाटलं असेल तर खोक्याच्या रंगावरून, टेपवरून ते सापडतं. सुरतवाल्यानं निळी टेप मारली होती, ती फोटोत दिसत होती. म्हणून माझ्याकडं बुकिंगला येणाऱ्याला मी सांगतो, बॉक्स बंद केल्यावर एक फोटो काढा आणि आतसुद्धा एका चिठ्ठीवर पत्ता आणि मोबाईल टाकून ठेवा.

गूगलवर नंबर शोधू नका

हे मध्येच सांगतोय पण फार जपून वाचा, कारण पार्सल अडकल्यावर माणूस घाईत असतो आणि नेमका तिथंच फसतो. कुरिअर कंपनीचा कस्टमर केअर नंबर गूगलवर शोधला की वर येणारे नंबर कधीकधी चोरांचे असतात. ते गोड बोलून म्हणतात पत्ता अपूर्ण आहे, ५ रुपये भरा, लिंक पाठवतो, किंवा एखादं ऍप टाकायला लावतात आणि तुमची स्क्रीन त्यांना दिसायला लागते. "तुमचं पार्सल गोदामात आलंय, पत्ता अपडेट करा" असे पोस्टाच्या नावानंसुद्धा मेसेज येतात, तेही बनावट. आमच्या गल्लीतल्या एका आजींचे अशाच ५ रुपयांच्या नादात खात्यातले पैसे गेले. नंबर पावतीवरचा किंवा कंपनीच्या स्वतःच्या साईटवरचाच घ्या. आणि ओटीपी पार्सल हातात आल्याशिवाय कुणालाही सांगू नका. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० ला फोन लावा, जितका उशीर तितके पैसे पुढं सरकतात.

हललं नाही तर वर जायचं

शनिवारी काही झालं नाही. रविवार गेला. सोमवारी सकाळी अकराला मी काकांना म्हटलं, आता वरच्या पायरीवर जाऊ. वर जायचं म्हणजे नवीन तक्रार करायची नाही, जुन्याच मेलला रिप्लाय करून वरचा माणूस त्यात जोडायचा. नवीन तक्रार केली की घड्याळ परत शून्यापासून सुरू होतं. सुरतवाल्यानं त्याच मेलवर एरिया मॅनेजरला आणि कंपनीच्या साईटवर तळाला ज्याचं नाव असतं त्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला जोडलं, आणि एकच ओळ लिहिली, शुक्रवारी दुरुस्ती कळवली आहे, ४८ तास होऊन गेले, उद्या दुपारपर्यंत गोणीचा नंबर कळवावा. मुदत घालायची, पण खरी घालायची, "एका तासात द्या" असलं लिहिलं तर कुणी मनावर घेत नाही.

शॉपिंग साईट असेल तर तुमच्या हातात कायदाही आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे साईटनं तक्रार अधिकारी नेमायला लागतो, त्यानं ४८ तासांत तक्रार मिळाल्याचं कळवायला लागतं आणि एक महिन्यात निकाली काढायला लागते. मेलमध्ये हे सभ्य शब्दात लिहा, फरक पडतो.

तिथंही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, १९१५, मराठीतूनही बोलता येतं, किंवा consumerhelpline.gov.in वर स्वतः भरता येतं. ही हेल्पलाईन म्हणजे कोर्ट नाही, ती तुमची तक्रार कंपनीच्या वरच्या टेबलावर नेऊन ठेवते, पण कंपन्या तिथल्या तक्रारी बाजूला टाकत नाहीत, माझ्या ओळखीतल्या तीन-चार जणांचं काम तिथंच झालंय. भरताना पार्सल नंबर, कंपनीचा तक्रार नंबर, पावती आणि स्क्रीनशॉट जवळ ठेवा, म्हणूनच ती वही आधीपासून लिहायची.

शेवटचं म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग, आपला सोलापुरातच आहे, कंपनीचं ऑफिस मुंबईत असलं तरी तुम्ही राहता तिथं तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही आणि घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायला लागते. घरबसल्या e-jagriti.gov.in वरूनही दाखल होते. पैसे दुसऱ्यानं भरले असले तरी सेवा ज्याच्यासाठी घेतली तोही ग्राहक धरला जातो. फक्त धंद्याच्या मालाला अडचण येते, कायदा व्यापारी कामासाठी घेतलेली सेवा बाहेर ठेवतो, पण स्वतः राबून पोट भरणाऱ्याला त्यातून सूट मिळू शकते. म्हणजे काकांसारखा स्वतः लूमवर उभा राहणारा माणूस तिथं जाऊ शकतो, पण कामगार असल्यानं त्यांना ते मांडून दाखवावं लागलं असतं. आणि भरपाईबद्दल आधीच सांगतो, पावतीच्या मागं बारीक अक्षरात कंपनीनं आपली जबाबदारी थोड्या रकमेपुरती बांधून घेतलेली असते. महागाची वस्तू असेल तर बुकिंगलाच किंमत लिहून कॅरिअर रिस्क, म्हणजे नुकसानीची जबाबदारी कंपनीवर, असं घ्या, चार पैसे जास्त जातात, पण ओनर रिस्कवर, म्हणजे मालकाच्याच जबाबदारीवर टाकलेल्या मालासाठी नंतर भांडणं फार अवघड जातं.

पोस्टाचं स्पीड पोस्ट असेल तर वाट वेगळी. त्याचा नंबर १३ अक्षरांचा असतो, सुरवातीला दोन इंग्रजी अक्षरं, मध्ये नऊ आकडे, शेवटी IN. तक्रार पोस्टाच्या साईटवर किंवा १८००२६६६८६८ ला करायची, आणि नाहीच ऐकलं तर pgportal.gov.in, ते सरकारी खात्यांसाठी आहे, खासगी कुरिअरची तक्रार तिथं टाकून उपयोग नाही.

काकांच्या पार्सलचं पुढं

सोमवारी संध्याकाळी साडेसहाला भिवंडीहून रिप्लाय आला, एकाच ओळीचा, पिन दुरुस्त केला आणि खाली गोणीचा नंबर. रात्री बॅगिंगची ओळ ट्रॅकिंगवर चढली. काका मंगळवारी सकाळीच परत हजर, म्हणाले, "अरे रात्रीपासनं काहीच नवीन येईना, परत अडकलं का?" मी म्हटलं काका, आता ते गोणीत आहे, आता काही दिसणार नाही, पुण्याला गोणी न उघडता पुढं जाईल. तसंच झालं. बुधवारी सकाळी सहा-पन्नासला सोलापूरचा इन-स्कॅन पडला.

त्या दिवशी घरात किंवा कारखान्यात कुणीतरी थांबायलाच पाहिजे आणि अनोळखी नंबरचा फोन उचलायलाच पाहिजे. इतकं करून पार्सल गावात आलं आणि पोरानं "गिऱ्हाईक नाही" असं टाकलं, की परत नवा घोळ. तुम्ही घरात असून असा शेरा पडला तर त्याच दिवशी ब्रँचला जाऊन हरकत नोंदवा, दोन-तीन वेळा असं झालं की पार्सल परतीच्या वाटेला लागतं. आणि "डिलिव्हर्ड" दिसतंय पण हातात काही नाही असं झालं तर पीओडी मागा, म्हणजे कुणी सही केली किंवा कुठल्या नंबरचा ओटीपी लागला त्याचा पुरावा.

काकांनी ब्रँचला जाऊनच घेतलं. खोक्यावर निळी टेप तशीच, लेबलवर ४३१ वर पेनानं रेघ मारून बाजूला ४१३ लिहिलेलं. मी ओटीपी द्यायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढायला लावले आणि उघडतानाचा व्हिडिओ काढला, कार्ड तुटकं निघालं असतं तर तोच एक पुरावा होता. कार्ड नीट होतं. दुपारी तीनला लूम सुरू झाल्याचा फोन आला.

एक राहिलं. मंगळवारी, पार्सल अजून पुण्याच्या अलीकडं असतानाच, काकांना मेसेज आला होता की तुमची तक्रार निकाली काढली आहे. असा मेसेज आला आणि पार्सल हातात नसेल तर गप्प बसू नका, त्यालाच उत्तर द्या की पार्सल मिळालेलं नाही, तक्रार परत उघडा. आम्ही मंगळवारी तसं केलं होतं, आणि बुधवारी माल तपासून झाल्यावर काकांनी स्वतः फोन करून ती बंद करायला सांगितली.